भावाच्या वेळी किळस चुकली, मग आता तिचं का ऐकू?

"ताई, माझी मावसबहीण २३ वर्षांची आहे आणि ती ज्याच्याशी लग्न करणार आहे तो ४२ चा. ती १५ ची असताना हाच तिला क्लासमध्ये गणित शिकवायचा. दोघं म्हणतात, आमचं जे काय सुरू झालं ते ती २० ची झाल्यावर, त्याआधी काही नाही. परवा सगळे घरी जमलो होतो, कोणीतरी वयाच्या अंतरावरून मस्करी केली तर तो हसून म्हणाला, ‘ही तेव्हाही वयाच्या मानाने खूप मॅच्युअर होती, तेव्हाच कळायचं.’ मला अक्षरशः शिसारी आली, मी उठून आत गेले. नवरा म्हणतो, दोघं सज्ञान आहेत, मर्जीने करतायत, कोणाचं काय नुकसान होतंय ते एका वाक्यात सांग, नाहीतर गप्प बस. मला सांगता येत नाही. आणि खरी अडचण पुढेच आहे. सात वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या भावाने सांगितलं की तो गे आहे, तेव्हाही मला अशीच किळस आली होती, पार पोटातून. वर्षभर त्याच्याशी धड बोलले नाही. आज त्याच्या आणि त्याच्या पार्टनरच्या सगळ्यात जवळची मीच आहे आणि त्या वर्षाची लाज वाटते. मग तेव्हा चुकलेली किळस आता बरोबर कशावरून? की मी परत तेच करतेय?"

तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस, पत्र वाचता वाचता तसंच आलं तोंडात.

आधी एक बारीकशी गोष्ट, जी तूच लिहिलीयस पण तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. निदान पत्रावरून तरी असं दिसतं की वयाचा आकडा कळला तेव्हा तू उठून आत गेली नव्हतीस. दोघांना शेजारी बसलेलं बघूनही नाही. तो पूर्वी शिकवायचा हे तर घरात सगळ्यांना माहीत असणार, तेव्हाही नाही. शिसारी आली ती त्याच्या तोंडच्या दोन शब्दांवर, ‘तेव्हाच कळायचं’. आणि भावाच्या वेळी काय झालं होतं? त्याने कोणाशी काही केलेलं नव्हतं, काही बोललेलाही नव्हता, तो कोण आहे एवढं कळणंच पुरलं होतं. पोटात दोन्ही वेळा सारखंच ढवळलं असेल, त्याबद्दल माझी शंका नाही, पण ढवळायला लागलं ते कशावरून हे बघितलंस तर दोन्ही प्रसंग एकमेकांपासून बरेच लांब आहेत. याच्याकडे परत येते, आधी ही किळस म्हणजे काय प्रकार आहे ते बघू, कारण तुझा अर्धा गोंधळ तिथेच आहे.

पॉल रोझिन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा उभा जन्म किळसेच्या अभ्यासात गेलाय. १९८६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गमतीदार प्रयोग छापले. एकात ज्यूसच्या ग्लासात मेलेलं झुरळ बुडवून काढायचे आणि मग विचारायचे, पिणार का? झुरळ निर्जंतुक केलेलं आहे, त्यातून काहीही होणार नाही हे स्पष्ट सांगून. तरी लोक नको म्हणायचे. दुसऱ्यात दोन बाटल्यांत लोकांच्या डोळ्यांदेखत साखर भरायची, आणि ‘साखर’ आणि ‘सायनाइड’ अशी दोन लेबलं त्यांच्याच हातात देऊन कुठलंही कुठल्याही बाटलीला लावा म्हणायचं. म्हणजे लेबल स्वतः लावलंय, आत साखर आहे हे स्वतः पाहिलंय, आणि तरीही सायनाइडच्या लेबलवाल्या बाटलीतलं प्यायला लोक कचरत होते. किळसेला माहिती दिली तरी ती ऐकत नाही, हे लक्षात ठेव. ती हुशार नाही, ती घाईची आहे.

आणि घाईची आहे ते बरंच आहे. चांगली वस्तू नासकी समजून टाकून दिली तर फार काय गेलं, थोडी उपासमार. नासकी वस्तू चांगली समजून पोटात घातली तर जीव जाऊ शकतो. त्यामुळे जरा शंका आली की ‘नको’ म्हणणारी यंत्रणा खाण्यापिण्याच्या बाबतीत परवडते, शंभर वेळा उगाच ओरडली तरी परवडते. घोटाळा होतो तो हीच यंत्रणा आपण माणसांना लावायला लागलो की. कारण तिथे उगाच ओरडण्याची किंमत ज्याच्यावर ओरडलो तो भरतो. तुझ्या भावाने एक वर्ष भरली. आपल्या भाषेत ‘विटाळ’ हा शब्द आहे, त्या एका शब्दाखाली किती माणसं पिढ्यानपिढ्या चिरडली गेली ते तुला मी सांगायला नको. तेव्हा किळसेचा माणसांच्या बाबतीतला रेकॉर्ड खराब आहे, हे तुझं म्हणणं शंभर टक्के मान्य. अमेरिकेत गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी संस्था वर्षानुवर्षं विचारत आलीय की गोऱ्या आणि काळ्या माणसांनी आपसात लग्न केलं तर तुम्हाला मान्य आहे का. १९५८ मध्ये हो म्हणणारे ४ टक्के होते, २०२१ मध्ये ९४. त्या पहिल्या वेळच्या बाकीच्यांपैकी कितीतरी जणांना हे नुसतं चूक नाही तर घाण वाटत असणार, आणि तुझ्या इतक्याच खात्रीने.

पण म्हणून किळस आली की समजायचं आपण चुकतोय, हे उलट्या बाजूने तेच झालं. तेही विचार न करता.

आता तुझ्या नवऱ्याकडे वळू. ‘नुकसान एका वाक्यात सांग नाहीतर गप्प बस.’ हे ऐकायला फार तर्कशुद्ध वाटतं, आणि मी बावीस वर्षं कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलंय, त्यातली पहिली बरीच वर्षं मी स्वतः पोरांना असंच कोपऱ्यात घ्यायचे. जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञांची एक गोष्ट वर्गात सांगायचे, त्यांच्या २००१ च्या लेखामुळे ती गाजली. भाऊ-बहीण आहेत, दोघं सज्ञान, प्रवासात एकदाच दोघांच्या मर्जीने शारीरिक जवळीक करतात, गर्भ राहू नये म्हणून दुहेरी काळजी घेतात, कोणाला सांगत नाहीत, पुन्हा करत नाहीत, आणि दोघांनाही त्याचा काही त्रास होत नाही. चूक का बरोबर? वर्ग एका सुरात: चूक! का? मुलांना काही झालं तर? पण काळजी घेतलीय ना. घरी कळलं तर? कळलेलं नाही. त्यांच्या मनावर परिणाम? गोष्टीतच सांगितलंय की नाही झाला. मग हळूहळू शांतता, आणि शेवटी कोणीतरी एक, ‘मॅडम, मला सांगता येत नाही पण चूक आहे.’ आणि मी विजयी चेहऱ्याने फळ्याकडे वळायचे, की बघा, भावना आधी येते आणि कारणं मागून गोळा केली जातात.

त्यात तथ्य आहे. पण एक वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, मॅडम, काही त्रास झाला नाही हे तुम्ही सांगताय म्हणून, पण खरं वाटतं का तुम्हाला? मला उत्तर देता आलं नाही, तासच संपवला मी. पुढे २०१५ मध्ये एडवर्ड रॉयझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं, म्हणजे गोष्टीतली ‘कोणाचंही नुकसान झालं नाही’ ही हमी लोकांनी मनापासून मानली होती का, आणि निघालं असं की बऱ्याच जणांना ती मुळात पटलेलीच नव्हती. ते निरुत्तर झाले कारण गोष्ट सांगणाऱ्याने त्यांची सगळी दारं बंद केली होती, त्यांच्याकडे कारण नव्हतं म्हणून नाही. जगात अशा गोष्टी हमीपत्र घेऊन येत नाहीत, आणि ही अक्कल त्यांच्या त्या ‘सांगता येत नाही’ मध्ये होती.

तेव्हा तुला एका वाक्यात सांगता आलं नाही, याचा अर्थ सांगण्यासारखं काही नाही असा होत नाही. नवऱ्याने ‘मर्जीने करतायत’ असं म्हटलं तेव्हा त्याने पण एक दार बंद केलं. मर्जी आहे का, आणि ती कशी तयार झाली, हाच तर प्रश्न आहे.

थांब, पण लगेच खूश होऊ नकोस, कारण याची दुसरी बाजू जास्त बोचरी आहे. २००५ मध्ये थालिया व्हीटली आणि हाइट यांनी काही लोकांना संमोहित केलं आणि सूचना दिली की अमुक एक साधा शब्द वाचला की पोटात मळमळेल. शब्द अगदी रोजच्या वापरातला, ‘घेणे’ किंवा ‘बऱ्याचदा’ अशा जातीचा. मग छोटे प्रसंग वाचायला दिले. त्यात एक डॅन नावाचा विद्यार्थी प्रतिनिधी होता, जो बैठकांमध्ये प्राध्यापक आणि मुलं दोघांनाही आवडतील असे विषय निवडतो. बस, एवढंच, काही वाईट करत नाही. पण ज्यांच्या मजकुरात तो शब्द होता त्यांच्यातल्या काहींना डॅन वाईट वाटला, आणि एकाने तर कारण म्हणून लिहिलं की याचं काहीतरी शिजतंय असं वाटतं! बिचारा डॅन. म्हणजे शून्यातून आलेल्या मळमळीलासुद्धा माणूस कारण जोडून देतो आणि ते कारण त्याला स्वतःला खरं वाटतं.

मी स्वतः हे केलंय. बाबांनी देहदानाचा फॉर्म भरला तेव्हा मी त्यांच्याशी आठवडाभर भांडले, आईला त्रास होईल, तिथे नीट ठेवत नाहीत, नंतर नातेवाईक काय म्हणतील, एकेक कारण म्हणजे वकिलाने लाजावं असं. बाबांनी एकदाच विचारलं, ‘त्रास कोणाला होणारे, मला का तुला?’ आणि मी गप्प. खरं एवढंच होतं की टेबलावर बाबा ही कल्पना मला सहन होत नव्हती, बाकी सगळी सजावट होती. त्यामुळे कारण सांगता येणं हाही पुरावा नाही. भावाच्या वेळी तूही दहा कारणं काढली असशील, आई-बाबांचं काय होईल, त्याचं म्हातारपण कसं जाईल वगैरे. काढली होतीस ना?

(तुला कोणी असंही सांगेल की खोलीत वास असला किंवा पोट बिघडलेलं असलं तरी आपण लोकांना जास्त वाईट ठरवतो. २००८ मध्ये असा एक अभ्यास खूप गाजला होता, पण २०१५ मध्ये अशा सगळ्या अभ्यासांचा एकत्र हिशोब केल्यावर परिणाम फारच बारका निघाला, जवळपास नाहीच म्हण. तेव्हा त्या दिवशी तुझं डोकं दुखत होतं का वगैरे शोधत बसू नकोस.)

मग करायचं काय? मी जे करते ते सांगते. प्रसंग हातात घ्यायचा आणि त्यातली एकेक गोष्ट बदलून बघायची, बाकी सगळं तसंच ठेवून, आणि प्रत्येक वेळी पोटाला विचारायचं की आता?

तुझ्या बहिणीचं करून बघू. समज, वयं हीच, २३ आणि ४२, पण दोघं मागच्याच वर्षी ऑफिसमध्ये भेटली, त्याआधी एकमेकांना बघितलेलंसुद्धा नाही. तुला जरा कसंतरी वाटेल, हिला काय मिळाला नाही का दुसरा असं मनात येईल, पण उठून आत जाशील? मला नाही वाटत. आता उलट करू, वयाचं अंतर कमी करू. तो आता ३५ चा आहे, म्हणजे तेव्हा २७ चा शिक्षक आणि समोर १५ ची विद्यार्थिनी, आणि वाक्य तेच, ‘तेव्हाच कळायचं’. माझा अंदाज, शिसारी जशीच्या तशी राहील. मग आकडा हा मुद्दाच नाही. आता मूळ वयं परत आण, तो शिक्षक होता हेही राहू दे, फक्त वाक्य बदल. मस्करी झाल्यावर तो अवघडून म्हणतो, ‘अहो, खरं सांगतो, मला ही क्लासमधली आठवतसुद्धा नव्हती, पाच वर्षांनी भेटलो तेव्हा हिनेच ओळख दिली.’ आता? मला तर हे लिहितानाच पोटातला पीळ सैल झाल्यासारखा वाटला.

म्हणजे तुझं बोट नेमकं कुठे थांबतंय बघ: वर्गात बसलेल्या १५ वर्षांच्या मुलीत त्याला तेव्हा काय ‘कळत’ होतं, यावर. वय, दिसणं, लोक काय म्हणतील, यातल्या कशावरही नाही.

भावाचंही असंच करू. सगळं तेच ठेव, त्याचा स्वभाव, त्याचा पार्टनर, दोघांचं एकमेकांशी वागणं, फक्त पार्टनरच्या जागी बाई ठेव. किळस पूर्ण गायब, हो ना? म्हणजे ती फक्त एका गोष्टीला चिकटलेली होती, समोरचा पुरुष आहे यालाच.

पण एवढ्यावर काम होत नाही, इथे लोक घाई करतात. बोट कुठे थांबलं ते कळलं, आता ती गोष्ट पोटाला बाजूला ठेवून, थंड शब्दांत, तुम्हा कोणालाच न ओळखणाऱ्या माणसाला सांगायची. ‘दोन पुरुष एकमेकांवर प्रेम करतात आणि एकत्र राहतात.’ तो म्हणेल, बरं, मग? यात फसवलं कोणाला, कोणाला नाही म्हणायची सोय नव्हती, कोणी कोणावर ताबा चालवला? एकाचंही उत्तर नाही. किळस काढून घेतली की खाली काहीच उरत नाही. आता दुसरं सांग. ‘एक शिक्षक म्हणतो की १५ वर्षांची विद्यार्थिनी त्याला तेव्हाच मॅच्युअर वाटायची, आणि आता तो तिच्याशी लग्न करतोय.’ हा ऐकणारा माणूस भुवया वर करेल, आणि त्याला मळमळ झालेली नसेल. तो लगेच विचारेल की मधल्या वर्षांत काय झालं. इथे किळस काढून घेतली तरी खाली काहीतरी शिल्लक आहे, आणि ते तुझ्या पोटावर अवलंबून नाही.

म्हणून माझं उत्तर असं की या वेळी किळसेने तुला योग्य जागी आणून सोडलंय. तिथे काय आहे ते तिला माहीत नाही, ते तुलाच खणून बघावं लागेल.

तू विचारशील, भावाबद्दलची किळस तर सवयीने गेली, मग हीपण जाईल, तर थांबूनच बघू का? नको, कारण सवयीवर माझा फार विश्वास नाही. सवयीने खोटी किळस जाते तशी खरीही जाते. डॉक्टर होणारी पोरं मृतदेहाला आठवडाभरात सरावतात, ते छान, पण रोज कोणाला मार खाताना बघणारा माणूसही सरावतोच. तेव्हा किळस गेली का एवढं विचारून भागत नाही, ती जाताना तू मध्ये काय शिकलीस ते विचारावं लागतं. भावाच्या बाबतीत तू शिकलीस: तो तोच आहे, त्याचा पार्टनर चांगला माणूस आहे, दोघं एकमेकांची काळजी घेतात. तिथे माहिती वाढली म्हणून किळस गेली. उद्या या माणसाचीही तुला सवय होईल, पण माहिती काहीच वाढलेली नसेल, तर ती नुसती बधिरता. १९९७ मध्ये डॉली या क्लोन केलेल्या मेंढीची बातमी आल्यावर लिऑन कास या अमेरिकन विचारवंतांनी माणसाच्या क्लोनिंगविरुद्ध लेख लिहिला आणि त्यात म्हटलं की काही वेळा किळस ही खोल शहाणपणाची भाषा असते, तर्काला ते शहाणपण पूर्ण मांडता येत नाही. मला ते अर्धंच पटतं. काही वेळा असते, हो, पण कुठल्या वेळी ते कसं ओळखायचं हे किळस स्वतः कधीच सांगत नाही, आणि किळस ही दलील नव्हे हे तर कास यांनीही त्याच लेखात कबूल केलंय.

आणखी एक गोष्ट तुझ्या बाजूने आहे. डॅनिएल कानमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ, एक अंतःप्रेरणेवर संशय घेणारा आणि एक तिच्यावर विश्वास ठेवणारा, या दोघांनी मिळून २००९ मध्ये लिहिलं की आतून आलेला अंदाज कधी धरून चालावा: जिथे खरोखर काही नियमितपणा असतो आणि जिथे आपल्याला चुकलो की बरोबर ठरलो हे पुन्हा पुन्हा कळत गेलेलं असतं. गे माणसांचा तुला तेव्हा किती अनुभव होता? बहुधा शून्य, जे होतं ते ऐकीव आणि टिंगलीतून आलेलं. पण मोठ्या पुरुषांची नजर आणि त्यांचं बोलणं याचा सराव बहुतेक बायकांना बारा-तेराव्या वर्षापासून असतो, कोणाचं ‘मोठी झालीस हं’ साधं आणि कोणाचं नाही हे आपण शिकत आलोय, किंमत देऊन. तो सराव काही परफेक्ट नाही, बऱ्याच वेळा आपण बरोबर होतो की नाही ते कळतच नाही. तरी शून्य आणि थोडासा यात फरक आहे.

आता त्या वाक्याला दुसरा अर्थही असू शकतो, तो बाजूला टाकू नकोस. प्रेमात पडलेली माणसं जुन्या आठवणी नव्याने रंगवतात, तेव्हा काही वाटलेलं नसतं पण आता वाटतं की पहिल्यापासूनच काहीतरी होतं. किंवा पोरगी गणितात हुशार होती, शांत होती, एवढंच म्हणायचं असेल आणि मस्करीत गडबडून भलतंच बोलून गेला असेल. एका वाक्यावर कोणाला विकृत ठरवायचं नाही. ज्या गोष्टीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते ती करायला किळस पुरत नाही. तुला त्याच्याशेजारी बसायचं नाही? नको बसू, त्याला कारण लागत नाही. फॅमिली ग्रुपवर त्याच्याबद्दल लिहायचंय, लग्न मोडायचंय? त्याला माहिती लागते.

माहिती बहिणीकडे आहे. तिला एकटीला भेट, नवऱ्याला नेऊ नकोस आणि ‘मला त्याच्याबद्दल शिसारी येते’ हे वाक्य तर तोंडातून काढूच नकोस, कारण ते ऐकलं की ती त्याची बाजू घ्यायला लागेल आणि मग विषय संपला. सरळ कुतूहलाने विचार की तुमचं जमलं कसं. यात सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे १५ ते २० ही मधली पाच वर्षं. क्लास सुटल्यावर संपर्क होता का? मेसेज पहिला कोणी केला, केव्हा? क्लास चालू असताना अभ्यासाव्यतिरिक्त काही बोलणं व्हायचं का, आणि ते घरी माहीत होतं का? तो कधी म्हणाला होता का की हे कोणाला सांगू नकोस, लोकांना कळणार नाही? ‘तू बाकीच्या मुलींसारखी नाहीस’ असलं काही? मुलांना हळूहळू जाळ्यात ओढणारी मोठी माणसं बहुतेक याच वाटेने जातात: आधी तुझं वेगळेपण सांगायचं, मग थोडी खास वागणूक, मग एक छोटं गुपित, मग त्याहून मोठं, आणि दरम्यान मैत्रिणी एकेक करून दूर. हे सगळं कायद्याने सज्ञान होईपर्यंत ‘काही न करता’ सुद्धा करता येतं. नवऱ्याला जे एक वाक्य हवंय ते इथे मिळतं: २० व्या वर्षी दिलेल्या होकाराची तयारी १५ व्या वर्षी कोणी दुसऱ्याने करून घेतली असेल तर तो होकार किती तिचा?

आणि आत्ताचंही बघ. तिच्या मैत्रिणी अजून आहेत का, ती त्याला ठामपणे नाही म्हणते का आणि म्हटल्यावर काय होतं, नोकरी, पैसे, राहायचं कुठे, हे ठरवतं कोण.

समज ती म्हणाली, अगं काहीच नव्हतं, पाच वर्षं तोंड बघितलं नव्हतं, मग अमक्या ठिकाणी अचानक भेटलो, मीच मागे लागले, आणि बाकीचं पण जुळतंय, ती मोकळी आहे, भांडते, स्वतःचं ठरवते. मग तुझ्याकडे उरेल तो वयाचा फरक आणि एक बावळट वाक्य. तेव्हा जे कसंतरी वाटत राहील ते भावाच्या वेळच्यासारखं तुझं तू सांभाळायचं, तिच्यावर लादायचं नाही.

पण संपर्क कधी तुटलाच नव्हता, मेसेज चालूच होते, घरी माहीत नव्हतं, असं निघालं, तर ‘२० ची झाल्यावर’ ही तारीख फक्त इतरांना सांगायची आहे. आणि तेव्हा नुसते मेसेज नसून आणखी काही घडलेलं असेल, ती अज्ञान असताना, तर तो घरगुती मतभेद नाही, गुन्हा आहे. तरीही तिला ‘तो नाहीतर आम्ही’ असं सांगू नका. असा माणूस खरंच तसा असेल तर त्याला तेच हवं असतं, तिला जायला दुसरं घर उरू नये हे. तुझा दरवाजा तिच्यासाठी उघडा राहिला पाहिजे, तिने लग्न केलं तरी, आणि त्यासाठी तुला त्याच्याशी दोन शब्द गोड बोलावे लागले तर बोल, घरी येऊन चूळ भर. ती काही लगेच ‘हो गं, माझं चुकलं’ म्हणणार नाही. पण तू विचारलेले प्रश्न तिच्या डोक्यात राहतील, वर्षाने, दोन वर्षांनी तिला ते आठवतील आणि तेव्हा फोन कोणाला करायचा ते तिला माहीत असेल.

भावाशी बोल या सगळ्याबद्दल. तुझ्या किळसेच्या पलीकडच्या बाजूला तो वर्षभर राहिलाय, त्या माणसावर तू अन्याय करतेयस का हे तो तुझ्या नवऱ्यापेक्षा लवकर ओळखेल.

आणि एक गोष्ट तुझ्या पत्रात नाहीये, ती मला सारखी टोचतेय. तो अजून शिकवतो का? बहिणीकडे जाण्याआधी तेवढं शोधून ठेव. शिकवत असेल तर आज त्याच्या समोरच्या बाकावर पंधरा वर्षांच्या मुली बसलेल्या आहेत, आणि मग बहिणीकडून जे कळेल ते फक्त तुमच्या घरापुरतं राहणार नाही.